धोका नाही, तरी डाव पडतो

प्रश्न: नमस्कार सर, मी अकरावीत आहे, जिल्हा पातळीवर खेळते. मागच्या स्पर्धेत एका डावात शेवटी दोघींचे राजे आणि एकेक प्यादं एवढंच उरलं. माझं पांढरं प्यादं ई४ वर, तिचं ई५ वर, दोन्ही समोरासमोर अडकलेली. माझा राजा सी६ वर, तिचा जी३ वर, चाल माझी. मी डी५ वर जाऊन तिच्या प्याद्यावर हल्ला केला आणि माझंही प्यादं राखलं. ती एफ४ वर आली. तिने मला शह दिला नव्हता, तिचा कसला धोकाही नव्हता, तरी मी हरले. बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, ‘झुगझ्वांगमध्ये सापडलीस.’ बरोबरीचा डाव असा कसा गेला? आणि अशी जागा आधीच ओळखायची कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर: चाल करावीच लागते आणि कोणतीही चाल केली तरी आपलंच नुकसान होतं, अशा अवस्थेला झुगझ्वांग म्हणतात. पण आधी एक वाईट बातमी. तो डाव बरोबरीचा नव्हता, जिंकलेला होता. डी५ ऐवजी डी६ वर गेली असतीस तर पुढच्याच चालीला तीच स्थिती पटावर आली असती, फरक एवढाच की चाल तिची असती. खालची ओळ कुठल्याही बुद्धिबळाच्या अ‍ॅपमध्ये विश्लेषणाच्या पटावर चिकटव, मोहरी आपोआप मांडली जातील आणि मी म्हणतोय ते हलवून बघता येईल.

```
8/8/2K5/4p3/4P3/6k1/8/8 w - - 0 1
```

तुझा राजा डी५ वर आणि तिचा एफ४ वर आल्यावर काय झालं ते नीट बघ. डी५ वरून तू ई४ राखतेस आणि ई५ वर नेम धरतेस. एफ४ वरून ती ई५ राखते आणि ई४ वर नेम धरते. दोघींचे राजे एकाच वेळी दोन कामं करताहेत आणि ती दोन्ही कामं जमतील असं प्रत्येकीसाठी त्या भागात ते एकच घर आहे. प्यादी अडकलेली असल्यामुळे हलणार कोण, तर राजाच. तुझ्या राजाला पाच घरं मोकळी होती: सी४, सी५, सी६, डी६ आणि ई६. (डी४ वर तिच्या प्याद्याचा मारा आहे, म्हणून ते नाही.) या पाचांपैकी एकाही घरावरून ई४ राखता येत नाही. म्हणजे कुठेही गेलीस तरी ई४ पडतं. नुसतं पडतं असं नाही, तर ते मारून तिचा राजा स्वतःच्या प्याद्याच्या पुढे येऊन उभा राहतो, आणि राजा पुढे, प्यादं मागे अशी जोडी साधारणपणे वजीर करूनच थांबते.

आता हीच स्थिती तिची चाल धरून बघ. तिच्याही राजाला पाचच घरं आहेत: ई३, एफ३, जी३, जी४, जी५. एकाही घरावरून ई५ राखलं जात नाही. समजा ती जी५ वर गेली. तू ई५ मारतेस, ती जी६, तू ई६, ती जी७, तू ई७. पुन्हा ती जी६ वर आली की तू प्यादं ई५ वर ढकलतेस आणि ते राजाच्या आडोशाने वर सरकतं. अशा स्थितीला परस्पर झुगझ्वांग म्हणतात: चाल जिची, ती हरणार. रंगाचा आणि प्याद्यांच्या संख्येचा तिथे काही संबंध उरत नाही. तू बरोबरी समजलीस कारण पटावर सगळं सारखं दिसत होतं. सारखं होतंच, फक्त चाल कोणाची हे तू हिशेबात धरलं नव्हतंस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एका सवयीत आहे. एंडगेममध्ये स्थिती बघताना ती दोनदा बघायची, एकदा पांढऱ्याची चाल धरून आणि एकदा काळ्याची चाल धरून. मनात विचारायचं, ‘आत्ता मला चाल सोडून देता आली असती तर मी सोडली असती का?’ उत्तर हो आलं, तर तू झुगझ्वांगमध्ये आहेस किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहेस. मग तोच प्रश्न समोरच्या बाजूने विचारायचा. तिलाही चाल सोडावीशी वाटत असेल तर स्थिती परस्पर झुगझ्वांगची आहे, आणि मग सगळा डाव त्या स्थितीत चाल कोणाच्या गळ्यात पडते यावर ठरतो.

हा प्रश्न स्थिती आल्यावर विचारून फारसा उपयोग नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो. तो एक-दोन चाली आधी विचारायचा असतो, आणि त्यासाठी उलट दिशेने चालायचं. सी६ वर उभी असताना तुला दिसायला हवं होतं की डी५ आणि एफ४ ही घरांची जोडी आहे. खेळाडू अशा घरांना सुरुंगाची घरं म्हणतात, कारण त्यात जो आधी पाय ठेवतो तोच उडतो. जोडी सापडली की पुढचा प्रश्न सोपा असतो: मी माझ्या घरात शिरले तर तिला लगेच तिच्या घरात शिरता येतं का? तिचा राजा जी३ वर होता, एफ४ पासून एका चालीवर. म्हणजे येतं. म्हणून डी५ नाही.

मग कुठे? जिथून डी५ एका चालीवर राहील आणि तिच्या प्याद्यावर दबावही येईल अशा घरात. ते डी६. डी६ वरून तू ई५ वर हल्ला करतेस, पण ई४ मोकळं सोडतेस, आणि नेमकं हेच बहुतेक जणांच्या हाताला जड जातं. आपलं प्यादं उघडं टाकून राजा वर नेणं चुकीचं वाटतं. पण हिशेब करून बघ. ई५ वाचवायला तिच्याकडे जी३ वरून एकच चाल आहे, राजा एफ४. ती आली की तू डी५, आणि चाल तिची. ती एफ४ वर न येता एफ३ वर जाऊन ई४ वर हल्ला करते म्हणावं, तर तू ई५ मारतेस, आणि ई५ वरचा राजा मागच्या ई४ ला आपोआप राखतो. जी४ वर गेली तरी तेच. तिला वाचायला जागाच नाही.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अडकलेल्या प्याद्यांकडे राजा नेताना समोरच्याच्या प्याद्याच्या मागच्या अंगाने जावं. डी५ हे बाजूचं घर आहे, डी६ मागच्या अंगाचं. मागून आलं की सुरुंगाच्या घरात शेवटी शिरण्याचा मान आपल्याकडे राहतो. आणि तिचा राजा जी३ ऐवजी एच३ वर असता, म्हणजे एफ४ पासून दोन चाली लांब, तर तुझी डी५ ही चालसुद्धा जिंकली असती, कारण ती एफ४ वर पोचण्याआधी तू ई५ मारलं असतंस. म्हणजे डी५ ही चाल मुळात वाईट नव्हती, ती एका चालीने घाई झाली. अशा जागी सरधोपट तत्त्वापेक्षा घरं मोजणं जास्त कामाला येतं.

आता वळूया अशा डावांकडे जिथे राजांच्या त्या जोडीशिवाय आणखी एखादं प्यादं पटावर असतं. स्पर्धेत तुला हेच जास्त भेटणार आहे, आणि माझ्या मते झुगझ्वांगचं निम्मं रहस्य इथेच आहे. तीच सुरुंगाची स्थिती घे, राजे डी५ आणि एफ४ वर, पण लांब ए पट्टीवर पांढऱ्याचं प्यादं ए२ वर आणि काळ्याचं ए६ वर. चाल पांढऱ्याची.

```
8/8/p7/3Kp3/4Pk2/8/P7/8 w - - 0 1
```

आता राजा हलवायची सक्ती नाही. ए पट्टीवर प्याद्याच्या चाली शिल्लक आहेत. या राखीव चालींना खेळाडू टेम्पो म्हणतात. ज्याचे टेम्पो आधी संपतील त्याला राजा हलवावा लागेल आणि तो हरेल. ए२ आणि ए६ यांच्यामध्ये तीन घरं रिकामी आहेत.

तुझ्या वयाची बहुतेक मुलं इथे प्यादं झोकात दोन घरं ढकलतात, ए४. काळा ए५ खेळतो, दोन्ही प्यादी एकमेकांना अडवून बसतात, आणि चाल पुन्हा पांढऱ्याची. राजा हलतो, ई४ पडतं, डाव जातो. तिथून पांढरा राजा ए५ च्या मागे धावून शर्यत लावू शकतो, पण काळ्याचं प्यादं आधी वजीर होतं. तेव्हा पांढऱ्याचं प्यादं अजून ए६ वर असतं, आणि ते ए७ वर पोचलं तरी नवा वजीर त्याला थांबवायला वेळेत हजर असतो.

बरोबर चाल आहे ए३, एकच घर. काळ्याला राजा हलवायचा नाही, म्हणून ए५. आता पांढरा ए४, आणि प्यादी अडकतात ती काळ्याची चाल असताना. फरक पडला तो फक्त एका घराचा. घरी बसलेलं, न हललेलं प्यादं एक घर जायचं की दोन, हे ऐनवेळी ठरवू शकतं. एकदा हललेल्या प्याद्याला तो पर्याय नसतो. म्हणूनच एंडगेममध्ये ‘काय खेळावं सुचत नाही’ म्हणून बाजूचं प्यादं उगाच एक घर ढकलणं महागात पडतं. ती चाल त्या क्षणी निरुपद्रवी दिसते. पण वीस चालींनंतर राजे समोरासमोर येतात तेव्हा तीच हवी असते आणि ती खर्च झालेली असते. मी डाव तपासताना बघतो तेव्हा हरलेल्या राजा-प्याद्यांच्या डावांत खरी चूक बऱ्याचदा शेवटच्या चालींत नसते. ती कुठेतरी मधल्या टप्प्यात, ए३ किंवा एच३ अशा एका बिनकामाच्या चालीत असते, आणि त्या चालीसमोर डाववहीत खेळाडूने काहीच खूण केलेली नसते.

हरणाऱ्याला यातून काय दिसतं? टेम्पो मोजायचा तो राजाने पुढे पाऊल टाकण्याआधी. दोन्ही बाजूंच्या राखीव चाली किती आहेत आणि कोणाला निवड आहे हे बघून मगच सुरुंगाच्या घरात शिरायचं. तुझ्या डावात राखीव चाली शून्य-शून्य होत्या, म्हणून हिशेब अगदी उघडा होता. तो तुला तिथे दिसायला हवा होता असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

टेम्पो संपलेत, चालही नको त्या वेळी आपली आहे, अशा वेळी एकच उपाय उरतो: राजालाच एक चाल हरवायला लावायची. हे सगळ्यांना जमत नाही आणि सगळीकडे जमतही नाही, पण जिथे जमतं तिथे ते बघायला फार सुरेख असतं. हा पट मांड.

```
2k5/8/p1P5/P2K4/8/8/8/8 w - - 0 1
```

पांढरा राजा डी५, प्यादी ए५ आणि सी६. काळा राजा सी८, प्यादं ए६. चाल पांढऱ्याची. आधी नेहमीचा प्रश्न: पांढऱ्याला चाल सोडता आली तर? मग काळ्याला हलावं लागतं. तो सी७ वर आला तर पांढरा सी५ वर जातो आणि काळ्याला पुन्हा मागे सरावं लागतं, की पांढरा राजा बी६ वर शिरून ए६ खातो. तो डी८ वर गेला तर पांढरा डी६ वर येतो, काळा परत सी८ वर येतो, आणि आता सी७ ढकलून काळ्या राजाला सी८ वरून उठवता येतं. म्हणजे काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो. पण चाल पांढऱ्याची आहे. घाईने डी६ वर गेलो तर काळा डी८ वर येतो. मग सी७ ने शह, काळा सी८, आणि प्यादं राखायला राजा सी६ वर नेला तर काळ्याला एकही चाल उरत नाही. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. झुगझ्वांगची ही सीमा लक्षात ठेव. समोरच्याला चाल करायला भाग पाडायचं तर त्याच्याकडे निदान एक चाल असावी लागते.

मग पांढऱ्याने काय करायचं? राजा सी४ वर मागे न्यायचा. बघणाऱ्याला वाटतं, हा माघार घेतोय. काळा डी८ वर जातो. पांढरा डी४. काळा सी८ वर परत. पांढरा डी५. बघ काय झालं: तीच स्थिती, पण पांढऱ्याने डी५ ला परत यायला तीन चाली घेतल्या आणि काळ्याने सी८ ला परत यायला दोन. चाल आता काळ्याची आहे. राजाच्या या तीन पावलांना त्रिकोण म्हणतात.

हे का जमलं, ते समजून घेतल्याशिवाय नुसतं पाठ करू नकोस. पांढरा राजा डी५ वर येईल तेव्हा काळ्याला सी८ वर असणं भाग आहे. पांढरा सी५ वर येईल तेव्हा काळ्याला सी७ वर असणं भाग आहे. पांढरा सी४ किंवा डी४ वर असताना पुढच्या चालीत तो या दोन्हींपैकी कुठेही जाऊ शकतो. म्हणून त्या वेळी काळा अशा घरात हवा जिथून सी७ आणि सी८ दोन्ही एका चालीवर आहेत. अशी घरं त्याच्याकडे बी८ आणि डी८. आता मुद्दा: पांढऱ्याची सी४ आणि डी४ ही दोन घरं एकमेकांना लागून आहेत, तो एकातून दुसऱ्यात सरकू शकतो. काळ्याची बी८ आणि डी८ लागून नाहीत. पांढऱ्याने सी४ वरून डी४ ला पाऊल टाकलं की काळ्याला योग्य घरातून योग्य घरात जाताच येत नाही, मध्ये सी८ आडवं येतं. तिथेच तो एक चाल हरतो. काळा अडचणीच्या कोपऱ्यात आहे आणि पांढऱ्याला मागे मोकळं मैदान आहे, एवढा फरक सगळा त्रिकोण घडवतो. स्वतःच्या डावात त्रिकोण शोधताना हेच बघायचं: माझ्या राजाला मागे एकमेकांना लागून दोन वाट बघायची घरं आहेत का, आणि समोरच्याला तशी आहेत का?

एक इशारा देतो, कारण हा डाव मुलांना दाखवला की ते शेवटी हमखास घसरतात. काळा डी८ वर गेला, पांढरा डी६, काळा सी८, सी७, काळा बी७, पांढरा डी७, काळा ए७. आता सगळे हात उंचावून सी८ ला वजीर करतात. पट बघ. काळ्या राजाला ए८, बी८, बी७ ही घरं नव्या वजिराने बंद केली, बी६ पांढऱ्याच्या ए५ प्याद्याने, आणि ए६ वर त्याचं स्वतःचं प्यादं बसलंय, तेही अडलेलं. पुन्हा स्टेलमेट. तिथे हत्ती करायचा. हत्तीचा मारा बी७ वर पोचत नाही, काळ्याला जायला ते घर उरतं आणि पांढरा आरामात जिंकतो.

आता थोडं, कुठे शोधू नये याबद्दल. ज्या मोहऱ्याला मोकळं हिंडता येतं त्याच्याकडे वाट बघण्याच्या चाली भरपूर असतात. हत्ती, उंट किंवा वजीर मोकळा असेल तर तो एक घर इकडे, एक घर तिकडे करून चाल सहज वाया घालवतो, म्हणून अशा डावांत झुगझ्वांग क्वचितच येतं. घोड्याची गोष्ट निराळी आहे. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो, काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. म्हणून घोड्याला त्रिकोण करता येत नाही, त्याच घरात परत यायला त्याला नेहमी सम संख्येच्याच चाली लागतात. राजा जखडलेला आणि हलायला फक्त घोडा मोकळा, असा डाव असेल तर चाल हरवायचा मार्ग शोधण्यात घड्याळ घालवू नकोस, तो नाही. आणि झुगझ्वांगचं खरं घर म्हणजे राजा-प्याद्यांचे डाव: प्यादी अडकलेली, राजांना दोन-दोन कामं, आणि पटावर दुसरं हलायला काहीच नाही. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबून ‘चाल सोडली तर’ हा प्रश्न विचारायचाच. एकट्या प्याद्यासाठी राजे समोरासमोर येतात तेव्हाही तो विचारायचा. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७ असेल तर पांढऱ्याची चाल असताना बरोबरी, काळ्याची चाल असताना पांढरा जिंकतो. याला आपण ‘ऑपोझिशन’ म्हणतो आणि वेगळा धडा म्हणून शिकवतो, पण मुळात तो झुगझ्वांगचाच सगळ्यात साधा प्रकार आहे.

भरल्या पटावर झुगझ्वांग येतं का, हा प्रश्न तुला पुढेमागे कोणीतरी विचारेल, आणि उत्तरादाखल १९२३ च्या कोपनहेगन स्पर्धेतला सेमिश विरुद्ध निम्झोविच हा डाव दाखवेल. तो ‘अमर झुगझ्वांग’ म्हणून प्रसिद्ध आहे. काळ्याने पंचविसाव्या चालीला एच६ हे साधं प्यादं एक घर ढकललं आणि पांढऱ्याने डाव सोडला. पटावर भरपूर मोहरी होती, तरी त्याला चांगली चाल उरली नव्हती. डाव जरूर बघ, सुंदर आहे. पण तुझी नवी कसोटी त्याला लावून बघ: समजा पांढऱ्याला तिथे चाल सोडता आली असती, तर तो वाचला असता का? नाही. काळा पुढच्या चालीला एफ५ वरचा हत्ती एफ३ वर आणून पांढऱ्याचा वजीर अडकवतो, आणि उंटाने तो हत्ती मारला तर दुसरा हत्ती तो उंट मारतो आणि वजीर तरीही सुटत नाही. म्हणजे काळ्याचा खराखुरा धोका होता. चाल सोडूनही जिथे हरतो, तिथे हरण्याचं कारण चालीची सक्ती नसते. म्हणून अनेक अभ्यासक त्या डावाला नाव मोठं मिळालं असं म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. समालोचनात हल्ली कोणीही अडचणीत आलं की झुगझ्वांग म्हणतात. तू म्हणण्याआधी समोर धोका आहे का ते बघ. धोका असेल तर उपाय वेगळा शोधावा लागतो: धोका अडवायचा, किंवा प्रतिहल्ला करायचा. टेम्पो मोजत बसलीस तर वेळ जाईल.

घड्याळाबद्दल एकच सांगतो. राजा-प्याद्यांच्या डावात शिरण्याआधी, म्हणजे शेवटचा हत्ती किंवा घोडा मारामारीत काढण्याआधी, विचाराला वेळ घे. तिथे एकदा शिरल्यावर मागे फिरता येत नाही. तुझ्या डावात ती मारामारी नेमकी कोणत्या चालीला झाली ते डाववहीतून काढ आणि त्या जागी बसून सुरुंगाच्या घरांची जोडी दिसते का बघ.

आणि एक पट तुझ्यासाठी ठेवतो. ए पट्टीच्या डावात काळ्याचं प्यादं ए६ ऐवजी ए७ वर ठेव, बाकी सगळं तसंच, चाल पांढऱ्याचीच. आता मधली रिकामी घरं चार आहेत आणि दोन्ही प्यादी घरी बसलेली आहेत, म्हणजे निवड दोघांनाही आहे. इथे पांढरा हरतो. तो ए४ खेळला तर काळा लगेच ए५, तो ए३ खेळला तर काळ्याने ए६ खेळायचं, ए५ नाही. ए५ का नाही, ते मात्र पटावर हलवून तूच शोध आणि मला लिहून पाठव.